‘अजून थोडं बघू या’चं पत्र कसं करायचं?



आज मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. विभागप्रमुख चॅटवर चार ओळी पाठवतात आणि त्यांवरून आपल्याला नव्या कर्मचाऱ्याला कायम करण्याचं किंवा प्रोबेशन वाढवण्याचं पत्र लिहायचं असतं. आपल्यापैकी बरेच जण त्या ओळींची भाषा तेवढी सुधारतात. माझं म्हणणं असं, की त्या ओळींत निर्णयच नसतो. तो आधी विचारून घ्यावा लागतो.

एक नमुना घेऊ. लेखा विभागातल्या एका कनिष्ठ कर्मचारी मुलीचं सहा महिन्यांचं प्रोबेशन ३१ डिसेंबरला संपतंय. साहेबांचा निरोप येतो: “काम ठीक आहे. पण बिलं अडकतात, जरा स्लो आहे. टीममध्ये फारशी मिसळत नाही. अजून थोडं बघू या.” खाली अंगठ्याचं चिन्ह.

‘थोडं’ म्हणजे किती? हा पहिला प्रश्न. उत्तर आलं, तीन महिने. मग नियुक्तिपत्र काढून पाहायचं: मुदत वाढवण्याचा अधिकार त्यात आहे का, कमाल किती, आणि मुदत संपल्यावर पत्रच गेलं नाही तर काय होईल. हे शेवटचं कलम फार थोडे जण वाचतात. पंजाबातल्या शिक्षकांच्या धरमसिंग प्रकरणात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नियमांनी परिवीक्षेची कमाल मर्यादा ठरवलेली असताना ती ओलांडून माणसाला कामावर ठेवलं, तर तो अजून परिवीक्षेवरच आहे असं मानता येत नाही. ते प्रकरण सरकारी सेवेचं होतं. खाजगी आस्थापनेत नियुक्तिपत्र आणि लागू असतील ते स्थायी आदेश पाहावे लागतात. पण मुदत संपण्याआधी पत्र हातात पडलं पाहिजे, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

दुसरा प्रश्न: कोणती बिलं अडकली? इथेच चित्र पालटलं. आलेलं बिल तीन दिवसांत नोंदवायचं, असा विभागाचा नियम. ऑक्टोबर-नोव्हेंबरची नोंदवही काढली तर १२ बिलं उशिरा नोंदवलेली. त्यांतली ५ स्टोअरकडून माल मिळाल्याची पावती न आल्यामुळे थांबली होती. त्यात तिचा दोष नाही. उरलेल्या ७ बिलांतला दर खरेदी आदेशाशी जुळत नव्हता आणि तिने कुणाला न कळवता ती बाजूला ठेवली होती. म्हणजे ती ‘स्लो’ नव्हती. अडलं की कळवायचं, ही एक सवय तिला लागली नव्हती. हे कळल्यावर साहेबांना पुन्हा विचारलं, तरीही मुदतवाढच हवी का? ते म्हणाले, हो, मार्चअखेरचं काम तिच्याकडून एकदा पाहायचंय. हा झाला निर्णय.

‘टीममध्ये मिसळत नाही’ याचा एकही प्रसंग त्यांना सांगता आला नाही. ते वाक्य मी पत्रातून काढून टाकलं असतं, आणि तुम्हीही काढावं. कमी बोलणारी मुलगी कामात कमी पडते, असं कुठे आहे? चॅट जोडून ‘सोबतची चर्चा पाहावी’ असंही पत्रात लिहू नये. दीप्तीप्रकाश बॅनर्जी प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की सेवासमाप्तीच्या आदेशात ज्या कागदांचा उल्लेख असतो, त्यांतला मजकूरही कर्मचाऱ्यावर ठपका ठरू शकतो. आज मुदतवाढीच्या पत्राला जोडलेला चॅट उद्या असाच पुढे येईल.

आता पत्र लिहायला कितीसा वेळ लागतो?

“नियुक्तिपत्रातील तरतुदीनुसार आपला परिवीक्षाकाल ३१ मार्चपर्यंत वाढवण्यात येत आहे. ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये दरातील तफावतीमुळे ७ बिलांची नोंद आपल्याकडून तीन दिवसांत झाली नाही व तफावत खरेदी विभागाला कळवली गेली नाही. यापुढे अशी तफावत त्याच दिवशी लेखी कळवावी. आपल्या विभागप्रमुखांसोबत ३१ जानेवारी व २८ फेब्रुवारी रोजी कामाचा आढावा घेतला जाईल. लेखी पत्राने कायम केल्याखेरीज आपण सेवेत कायम झाल्याचे मानले जाणार नाही.”

शेवटचं वाक्य नियुक्तिपत्राशी जुळत असेल तरच ठेवा. आढाव्याच्या तारखा मात्र गाळू नका. त्या नसतील तर तिला तीन महिने नुसतं भीतीत काढावे लागतात.

साहेबांनी कायम करायचं ठरवलं असतं, तर पत्र याहून लहान झालं असतं: कोणत्या तारखेपासून कायम, त्या दिवसापासून नोटीसचा कालावधी किती, आणि बाकीच्या अटी पूर्वीप्रमाणे. त्यात बिलांचा विषय काढायचा नाही. ती सूचना साहेबांनी समोर बसवून द्यावी.

पत्र देताना विभागप्रमुख हजर असावेत आणि तिने ते आधी वाचावं. प्रतीवर सही घेताना ‘पत्र मिळाले’ एवढंच लिहून घ्या, ‘मान्य आहे’ नको. तिचं म्हणणं वेगळं असेल तर ते लेखी द्यायला सांगा आणि तो कागद त्याच फाइलमध्ये लावा.