लम्पीच्या गाठीवर प्रतिजैविकाची सुई का चालत नाही?

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात झपाट्याने पसरला. आपल्या विदर्भातही अनेक गोठ्यांत गाई-बैलांच्या अंगावर गाठी आल्या. त्या वेळी सगळीकडे एकच विचारणा होती, "साहेब, घटसर्पाला सुई लागू पडते, मग याला का नाही?" याचं उत्तर रोगजंतूच्या घडणीत आहे.

घटसर्प जिवाणूमुळे होतो. जिवाणू म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाडच समजा. त्याची स्वतःची पेशी असते, बाहेरून भिंत असते आणि आत प्रथिने तयार करणारी स्वतःची चूल असते. प्रतिजैविक औषध नेमकं यावरच घाव घालतं. पेनिसिलीन भिंत बांधू देत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लीन चूल बंद पाडतं. जनावराच्या पेशीला अशी भिंत नसते आणि तिची चूल वेगळ्या घडणीची असते. म्हणून जिवाणू मरतो अन् जनावर वाचतं. मात्र घटसर्पात सुई लवकर द्यावी लागते.

लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला. त्याला ना अशी भिंत, ना चूल. वेष्टनात गुंडाळलेला वंशद्रव्याचा धागा, एवढाच त्याचा संसार. तो जनावराच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपली प्रथिने शिजवून घेतो. प्रतिजैविकाने घाव घालावा असं त्याच्याजवळ काहीच नसतं.

मग काही गाई सुईनंतर बऱ्या झाल्या, त्या कशा? बहुतेक जनावरं दोन-तीन आठवड्यांत स्वतःच्या प्रतिकारशक्तीने सावरतात. श्रेय मात्र सुईला मिळतं.

तरीही डॉक्टर कधी कधी प्रतिजैविक देतात. समजा, गाईला ताप आला, गाठी उठल्या, पुढे ताप उतरला. काही दिवसांनी गाठी फुटून जखमा झाल्या, त्यांतून घाण वासाचा पू येऊ लागला, ताप परत चढला किंवा धाप लागली. म्हणजे उघड्या जखमेत किंवा फुप्फुसात जिवाणू शिरले. ती सुई या जिवाणूंसाठी असते, लम्पीसाठी नव्हे. ती डॉक्टरांनीच ठरवावी आणि सांगितलेले दिवस पूर्ण करावी. ते सांगतील तितके दिवस दूध विकू नये, कारण औषध दुधात उतरतं.

लम्पीवर खरा उपाय आधीच करायचा असतो. निरोगी जनावरांना लस टोचून घ्या. २०२२ मध्ये शेळ्यांच्या देवीची लस यासाठीच वापरली गेली. आजारी जनावर वेगळं बांधा. डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड हा रोग पसरवतात, त्यांचा बंदोबस्त करा. गळून पडलेल्या खपल्यांत विषाणू बरेच दिवस टिकतो, म्हणून गोठा स्वच्छ ठेवा. पहिली गाठ दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.