ज्यांचं नाव पुकारलं नाही, त्यांच्याशी



आजच्या स्पर्धेतल्या पहिल्या तीन भजनी मंडळांचं मी मनापासून अभिनंदन करतो. त्यांचं कौतुक आता त्यांच्या वाडीत आणि मुंबईच्या चाकरमान्यांतही होईल. माझा वेळ मी बाकीच्या मंडळांसाठी राखून ठेवला आहे. रिकाम्या हाताने रात्रीच्या टेम्पोत बसताना एकच प्रश्न डोक्यात असतो, आपलं चुकलं कुठे? परीक्षकांच्या परवानगीने मी सगळ्या गुणपत्रिका पाहिल्या आणि सगळी भजनं ऐकली. त्या प्रश्नाला जमेल तेवढं नेमकं उत्तर द्यावं, असं मला वाटतं.

जी मंडळं मागे राहिली त्यांतल्या बहुतेकांच्या बुवांना चांगले गुण आहेत. गुण गेले ते कोरसच्या आणि लयीच्या रकान्यात. म्हणजे गळा कमी पडलेला नाही, तयारी दुसरीकडे कमी पडली आहे. एका मंडळाचं उदाहरण घेतो. नाव सांगत नाही, पण त्यांना ते ओळखू येईल.

या बुवांनी पांढरी चार पट्टी घेतली होती. आवाज तेजस्वी, तार षड्जाच्या पुढे गंधारापर्यंत सहज जाणारा. नामघोष सुंदर झाला, रूपाचा अभंगही मध्य सप्तकात होता तोवर उत्तम रंगला. पुढच्या अभंगाची चाल अंतऱ्यात तार षड्जावर चढली आणि कोरसची फाळणी झाली. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे शिरा ताणून वर पोहोचले, काहींनी तीच ओळ खालच्या सप्तकात धरली आणि उरलेले मध्येच कुठेतरी अडकले. पांढरी चारचा तार षड्ज सर्वसाधारण पुरुषाच्या गळ्याला टोकाचा असतो. तिथे जोर लावला की सूर उतरतो. पेटीचा सूर तर पट्टीवर पक्का बसलेला, तो कोणासाठी उतरत नाही. त्यामुळे पेटी आणि कोरस यांच्यातलं अंतर मंडपातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. परीक्षकांनी लिहिलं, ‘कोरस सुरात नाही.’ शेरा बरोबर आहे, पण त्याचं कारण कोरस नव्हे. पट्टी एकट्या बुवांच्या गळ्याला मोजून घेतली होती.

हेच भजन काळी दोनमध्ये, म्हणजे दोनच पट्ट्या खाली गायलं असतं, तर तार षड्ज सगळ्यांच्या आवाक्यात आला असता. बुवांची थोडी चमक कमी झाली असती, हे खरं. पण बुवांच्या प्रत्येक ओळीला कोरसची ओळ उत्तर देते, आणि ते उत्तर फाटलं की बुवांची ओळही पडते. पट्टी ठरवायची साधी रीत आहे. तालमीत चालीतली सर्वांत उंच ओळ आधी कोरसकडून गाऊन घ्यायची, पेटी बंद ठेवून, लागोपाठ तीन-चार वेळा. मग पेटीवर तो सूर तपासायचा. खाली घसरला असेल तर एक पट्टी उतरवायची आणि पुन्हा गायचं.

मात्र हे घरी करा. रंगमंचावर पट्टी बदलता येत नाही, कारण पखवाज षड्जाला मिळवलेला असतो. दोन पट्ट्या उतरवायच्या तर गट्ठे सरकवून, हातोडीने सगळी घरं पुन्हा मिळवावी लागतात, आणि घाईत एखादं घर चढं राहिलं की प्रत्येक थापेला ते बोचतं. धुमाची कणीकही आयत्या वेळी लावली की नीट बसत नाही. आज दिव्यांच्या उष्णतेने दोन-तीन मंडळांची कणीक सुकली आणि धुमाचा आवाज कोरडा झाला. पखवाजीजवळ पाण्याची वाटी असू द्या.

महिला मंडळांची अडचण निराळी आहे. पखवाजी बहुधा बाहेरून बोलावलेला, आणि त्याचा पखवाज पुरुष बुवांच्या पट्टीला मिळवलेला. मग बायकांनी त्या पट्टीत गायचं, असं चालत आलं आहे. हे मला अजिबात मान्य नाही. काळी चार, काळी पाच ही तुमची पट्टी असेल, तर त्या पट्टीत मिळणारा पखवाज आणण्याचं आधीच बोलून घ्या. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे वाद्य मिळवायचं असतं.

आता लयीकडे वळतो. पांढरी चारमध्ये गायलेल्या त्या मंडळाच्या अभंगाला भजनी ठेका होता, आठ मात्रांचा. सुरुवातीला एक आवर्तन साधारण सहा सेकंदांचं होतं. शेवटच्या कडव्याला ते चार सेकंदांवर आलं होतं. लय वाढवायची असं कोणी ठरवलं नव्हतं, ती पळाली. मग गजर सुरू झाला तेव्हा चढायला जागाच उरली नाही. दुगण घेतली तेव्हा टाळ आणि पखवाज एकमेकांना सोडून गेले, आणि शब्द तर ऐकूच येईनात.

लय कुठे पळते हे मी कान देऊन ऐकलं. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. चौथ्या चरणाला अक्षरं कमी, पण चालीत जागा तेवढीच. ती जागा शेवटच्या अक्षराचा स्वर धरून भरायची असते. कोरस ते अक्षर म्हणून मोकळा होतो, श्वास घेतो आणि समेची वाट न पाहता पुढची ओळ उचलतो. टाळकरी कोरसमागे जातात, पखवाजी टाळांमागे. दर आवर्तनाला थोडीशीच मात्रा खाल्ली जाते, म्हणून गाणाऱ्यांना ते कळत नाही.

कळण्यासाठी फोनवर तालीम ध्वनिमुद्रित करा. पहिलं कडवं आणि शेवटचं कडवं लागोपाठ ऐका, दुसरं काही ऐकू नका. फरक तिथे उघडा पडतो. मग आठवडाभर टाळ खाली ठेवून, हातावर आठ मात्रा मोजत, फक्त चौथा चरण म्हणा. शेवटचा स्वर पुढच्या समेपर्यंत सोडायचा नाही. कंटाळवाणं काम आहे, पण लय यानेच बांधली जाते. ती बांधली की गजराला टप्प्याटप्प्याने चढवता येतं, आणि श्रोत्यांना तो चढ जाणवतो.

एक गोष्ट मात्र बदलू नका. काही पत्रिकांत एका परीक्षकाने चालीला भरभरून गुण दिले आहेत आणि दुसऱ्याने हात आखडता घेतला आहे. तो रुचीचा भाग आहे. तुमच्या गावच्या जुन्या बुवांची पारंपरिक चाल तुम्ही जपली असेल, तर कमी गुणांपायी ती टाकून कुठली तरी लोकप्रिय चाल उचलू नका. आज एका मंडळाची गौळण मी पहिल्यांदाच ऐकलेल्या चालीत होती. त्यांना क्रमांक नाही, पण ती चाल मला त्यांच्याकडून उतरवून घ्यायची आहे.

फिरत, आवाजाची जात, बुवांचा अनुभव या गोष्टी एका वर्षात येत नाहीत, येतात असं मी तुम्हाला सांगणारही नाही. पट्टी आणि लय मात्र पुढच्या स्पर्धेपर्यंत दुरुस्त होतात.

संयोजकांना मी विनंती केली होती, ती त्यांनी मानली आहे. प्रत्येक मंडळाला आपली गुणपत्रिका शेऱ्यांसह मिळेल. बक्षीस समारंभ संपल्यावर तिन्ही परीक्षक देवळाच्या सभामंडपात तासभर बसणार आहेत, मीही असेन. पेटी आणि पखवाज तिथे ठेवायला सांगितलं आहे. बुवांबरोबर कोरसमधले दोघे आणि एक टाळकरी तरी या, आणि जिथे अडलं ती ओळ तिथेच गाऊन दाखवा.