दुधाचे खाडे आणि टीडीएस

(वसंत व्याख्यानमालेत मे २०२५ मध्ये एका सनदी लेखापालांनी दिलेले व्याख्यान)

अध्यक्ष महोदय आणि पंख्याखालची जागा धरून बसलेले सुजाण श्रोते,

कालच्या वक्त्यांना संतसाहित्य मिळालं, उद्याच्यांना हिमालय मिळणार आहे आणि मधल्या दिवशी माझ्या वाट्याला आला अ‍ॅडव्हान्स टॅक्स. (हशा) हसा, पण १५ जूनला मला फोन करू नका. यंदा १५ जून रविवारी येतो, तेव्हा शुक्रवारीच भरून मोकळे व्हा.

तारखा तुम्हाला पाठ असतील. १५ जूनपर्यंत वर्षाच्या देण्यापैकी १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळं. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपयांच्या आत असेल, तर यातलं काहीच नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरे मंडळींपैकी जे जमेच्या निम्मं उत्पन्न धरायचा सोपा मार्ग घेतात, त्यांना १५ मार्च ही एकच तारीख. हे सगळं वर्तमानपत्रात येतं. मला बोलायचंय ते दुधाबद्दल.

माझ्याकडे एक गृहस्थ येतात. कारखान्यात एचआर सांभाळून निवृत्त झाले आणि आता सल्लागार म्हणून काम करतात. वय ६३. सल्ल्याच्या कामाचं दुसरं वर्ष संपलं आणि जुलैत ते पावत्यांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. म्हणाले, "माझा टॅक्स सगळा क्लायंटनी कापलाय. आणि ज्येष्ठ नागरिकाला अ‍ॅडव्हान्स टॅक्स नसतोच." दोन वाक्यं आणि दोन्ही चूक.

दुसरं आधी घेतो, कारण या सभागृहात साठीपुढची मंडळी बरीच दिसतायत. (मागून आवाज : "सगळीच!") ज्येष्ठांना सूट आहे, पण ती धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. पेन्शन, व्याज, घरभाडं इथपर्यंत तुम्ही सुटलात. सल्ल्याची फी घेतलीत की वय कितीही असो, चारही तारखा तुमच्या. नाराज होऊ नका, कायदा मी केलेला नाही.

आता पहिलं वाक्य. आकडे मी यंदाच्या दरांनी मांडतो, म्हणजे तुम्हाला उपयोगी पडतील. वर्षाची फी २४ लाख, खर्च ४ लाख, नफा २० लाख. नव्या करप्रणालीत त्यावर कर २ लाख, वर ४ टक्के उपकर, एकूण २,०८,०००. जीएसटी मी धरलेला नाही, त्याला वेगळी संध्याकाळ लागेल.

त्यांचे क्लायंट तीन. पहिल्या कंपनीची फी १२ लाख. तिने हा सल्ला तांत्रिक सेवा मानून २ टक्के कापले, २४,००० रुपये. दुसरीची फी ८ लाख. तिने त्याच कामाला व्यावसायिक सेवा मानलं आणि १० टक्क्यांनी ८०,००० कापले. तिसरा क्लायंट परदेशातला, ४ लाख देतो आणि कापत काही नाही. एकूण कापले गेले १,०४,०००. म्हणजे देण्याचा बरोबर अर्धा भाग. आपले गृहस्थ समजून होते, सगळा कर गेला. क्लायंट बिलाचा ठरावीक टक्का कापतो. तुमचं उत्पन्न कुठल्या टप्प्यात जातं, हे त्याला माहीत नसतं आणि त्याने माहीत करून घ्यायचंही नसतं.

उरलेल्या १,०४,००० चे हप्ते पडतात. जूनमध्ये १५,६००, सप्टेंबरमध्ये ३१,२००, डिसेंबरमध्ये पुन्हा ३१,२००, मार्चमध्ये २६,०००. आधी टीडीएस वजा, मग टक्केवारी, हा क्रम सोडू नका. एकही हप्ता न भरता सगळं पुढच्या जुलैत भरलं, तर व्याज दोन प्रकारचं. हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४ सी खाली ५,२५२ आणि मार्चअखेर नव्वद टक्केही न भरल्याबद्दल २३४ बी खाली एप्रिल ते जुलै असं चार महिन्यांचं ४,१६०. झाले ९,४१२.

हे ऐकून गृहस्थ गप्प झाले. त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "यांना मी किती वर्षं सांगतेय, दुधासारखं लिहा म्हणून." मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. दूध रोज एक लिटर ठरलेलं. आलं नाही त्या दिवसावर फुली, पाहुणे आले की अर्धा लिटर जास्त, तोही आकडा चौकटीत. महिनाअखेर गवळी बिल सांगायच्या आत बाईंचा हिशेब तयार. एकदा गवळ्याने तीन खाडे कमी धरले होते, तेव्हा त्यांनी कॅलेंडरच खिळ्यावरून काढून दारात आणलं. गवळी म्हणाला, "वहिनी, माझ्याच वहीत चूक असेल." (हशा, टाळ्या) थांबा, हा किस्सा लांबला, अध्यक्ष घड्याळ बघतायत. पण माझा सगळा मुद्दा या कॅलेंडरमध्येच आहे.

तुम्ही काय करता? फॉर्म २६ एएस उघडता आणि तिथे दिसेल तो टीडीएस खरा मानता. म्हणजे गवळ्याची वही प्रमाण! आणि ती वही उशिरा लिहिली जाते. एप्रिल ते जूनमध्ये कापलेल्या कराचं विवरण कंपनीने ३१ जुलैपर्यंत द्यायचं असतं. तुमचा पहिला हप्ता १५ जूनला. त्या दिवशी पोर्टलवर यंदाचं काहीच नसणार. मार्चच्या हप्त्याच्या वेळी फार तर डिसेंबरपर्यंतचं दिसेल, शेवटच्या तिमाहीला ३१ मेपर्यंत मुदत आहे. म्हणून वही तुमची हवी. रकाने चार : बिल किती, कर किती कापला, बँकेत किती आले, पोर्टलवर दिसलं का. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो खाडा. कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना तेव्हाच मेल करायचा, जुलैत नाही.

खाडे दोन जातींचे. कंपनीने कापले, पण भरले नाहीत किंवा पॅन चुकवला. हे पैसे तुम्ही दिलेलेच आहेत, कलम २०५ प्रमाणे तोच कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. पण सिद्ध करायला बिल आणि बँकेचा उतारा लागतो, आणि कापणाऱ्याने विवरण दुरुस्त करेपर्यंत नोटिसा तुम्हालाच येत राहतात. दुसरी जात लबाड. कंपनीने कापायला हवं होतं, पण न कापता पूर्ण रक्कम दिली. तुम्ही खूश. ती रक्कम मात्र हप्ते काढताना वजा धरता येत नाही. २०१२ पासून कायद्यात तसं स्पष्ट आहे. पूर्ण बिल बँकेत आलं की मी तर घाबरतो. (हशा)

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. चलन भरताना `Advance Tax (100)` निवडा आणि कर निर्धारण वर्ष २०२६-२७. चालू वर्ष निवडून पैसे गेल्या वर्षाच्या खात्यात टाकणारे दरवर्षी भेटतात.

पुढे बसलेल्या ताई विचारतायत, व्यवसाय मध्येच, ऑक्टोबरात सुरू झाला तर? पहिल्याच वर्षी ते उत्पन्न आलं असेल, तर जून-सप्टेंबरचं व्याज लागत नाही, उरलेल्या तारखांना मात्र भरायचं.

आणि मार्चचं बिल एप्रिलमध्ये मिळालं तर? कंपनीने खर्च मार्चमध्ये दाखवला, की ती मार्चमध्येच कापते. तुम्ही पैसे आले की जमा धरणारे असाल, तर उत्पन्न पुढच्या वर्षाचं आणि कापलेला करही त्याच्यासोबत पुढच्या वर्षी न्यायचा. विवरणपत्रात त्यासाठी जागा आहे. तो आकडा मात्र वहीत... दुसरी चिठ्ठी. बरं, थांबतो. ज्यांना वहीचा नमुना हवा, त्यांच्यासाठी माझ्या पिशवीत वीस प्रती आहेत, बाहेर चहाच्या टेबलापाशी.