एनएव्ही लाल झाली म्हणून पैसे बुडाले का? टार्गेट मॅच्युरिटी फंडांबद्दल

आजचा भाग चिखलीच्या एका ताईंच्या व्हॉइस नोटवरून सुचला. त्यांनी विचारलंय, "दादा, सोयाबीनचे आणि शिवणकामाचे मिळून तीन लाख बाजूला आहेत. मुलगी 2031 मध्ये कॉलेजला जाईल. तोवर ते कुठे ठेवू? एकानं टार्गेट मॅच्युरिटी फंड सांगितला, पण ॲपवर बघितलं तर मागच्या काळात त्याचाही ग्राफ खाली गेलेला दिसतो. मग एफडीच बरी नाही का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. तो ग्राफ खाली का गेला, हे कळलं की हा फंडही कळतो.

डेट फंड म्हणजे उसनवारीचा धंदा. सरकार, राज्य सरकार किंवा सरकारी कंपनी पैसे उसने घेते आणि त्यासाठी रोखा देते. समजा, पाच वर्षांचा रोखा 7 टक्क्यांनी मिळतोय. एक लाख टाकले, व्याज चक्रवाढीनं वाढत राहिलं, तर पाच वर्षांनी साधारण 1,40,255 रुपये होतात. हा आकडा लक्षात ठेवा.

आता एक वर्ष गेलं. हिशोबानं तुमच्या रोख्याची किंमत 1,07,000 असायला हवी. पण मधल्या काळात बाजारातले दर 7 वरून 9 टक्के झाले. आता नवीन माणसाला 9 टक्क्यांचा रोखा सहज मिळतोय, तर तो तुमचा 7 टक्केवाला पूर्ण किमतीला कशाला घेईल? तो म्हणेल, भाव कमी करा. किती कमी? चार वर्षांनी 1,40,255 मिळणार आहेत आणि त्याला वर्षाला 9 टक्के हवेत, म्हणजे आज तो 99,360 रुपयेच देईल. वर्षभर थांबूनही तुमच्या लाखाचे लाख राहिले नाहीत. ॲपवर दिसणारी लाल रेघ हीच.

हे नुसतं वहीतलं गणित नाही. मे 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.5 टक्क्यांवर नेला. त्या काळात जास्त मुदतीच्या डेट फंडांच्या एनएव्ही घसरल्या. 'डेट म्हणजे सुरक्षित' एवढंच ऐकलेल्या लोकांनी घाबरून पैसे काढले.

पण रोखा विकलाच नाही तर? सरकारनं तुम्हाला 1,40,255 द्यायचं कबूल केलंय. बाजारात दर 9 झाले म्हणून सरकार कमी देणार नाही. म्हणजे आज 99,360 दिसणारी रक्कम पुढची चार वर्षं 9 टक्क्यांनी वाढत जाते आणि त्याच 1,40,255 वर येऊन थांबते. खड्डा खरा होता, पण तो आपोआप भरला.

साध्या डेट फंडात हे घडेल याची खात्री नसते, कारण त्याला शेवटची तारीखच नाही. फंड मॅनेजर जुने रोखे विकतो, नवे लांब मुदतीचे घेतो, आणि फंड कायम पाच-सात वर्षं मुदतीवरच राहतो. टार्गेट मॅच्युरिटी फंडाचं तसं नाही. त्याच्या नावातच वर्ष असतं. तो त्या तारखेच्या आसपास संपणारे रोखे घेतो आणि सहसा शेवटपर्यंत ठेवतो. दरवर्षी उरलेली मुदत एक वर्षानं कमी होते, आणि दर बदलला तर बसणारा धक्का साधारण उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात असतो. पाच वर्षं उरलेली असताना दर एक टक्का वाढला तर किंमत साडेचार-पाच टक्के पडते. एकच वर्ष उरलं असेल तर एक टक्क्याच्या आसपास. तारीख आली की फंड बंद होतो आणि पैसे बँक खात्यात येतात. भारत बॉण्ड ईटीएफची पहिली मालिका डिसेंबर 2019 मध्ये आली. त्यातला एप्रिल 2023 चा फंड 2022 ची सगळी दरवाढ पोटात घेऊन ठरल्या वेळी संपला.

आता 'पण'. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पहिली गोष्ट, धोका कमी होतो, शून्य होत नाही. माझ्या उदाहरणात व्याज आपोआप त्याच दरानं वाढत होतं. खरा रोखा मधेमधे व्याज देतो आणि फंड ते पुन्हा गुंतवतो, त्या वेळी जो दर असेल त्या दरानं. दर 7 वरून 6 वर आले तर आपल्या लाखाचे पाच वर्षांत 1,40,255 ऐवजी साधारण 1,39,460 होतील. 8 वर गेले तर 1,41,066. फरक आठशे रुपयांचा. पाच वर्षांना ठीक, पण दहा वर्षांच्या फंडात हा फरक मोठा होतो. त्यात फंडाचा खर्चही वजा करा. म्हणून ॲपवर जो 'यील्ड टू मॅच्युरिटी' आकडा दिसतो तो अंदाज समजा, एफडीच्या पावतीवरचा दर नव्हे. आणि तो तुम्ही पैसे टाकता त्या दिवसाचा बघायचा. शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी टाकले तेव्हाचा तुमच्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे सगळं संरक्षण 'शेवटपर्यंत थांबलो तर' एवढ्या अटीवर आहे. ताई, तुमच्या तीन लाखांतले एक लाख खत-बियाण्याला किंवा दवाखान्याला लागू शकतील असं वाटत असेल, तर ते यात टाकूच नका. दोन वर्षांनी दर चढलेले असताना काढावे लागले, तर तो खड्डा तुमचाच. ते लाख बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवा. उरलेल्या दोन लाखांसाठी तारीख जुळवा. फी जूनमध्ये भरायची असेल तर एप्रिल 2031 चा फंड चालेल. 2032 चा घेतला तर शेवटचं वर्ष तुम्हालाच बाजारभावानं विकावं लागेल.

तिसरी, हा फंड फक्त व्याजदराच्या धोक्यावरचा उपाय आहे. उसने घेणाऱ्यानं पैसेच दिले नाहीत तर कितीही थांबून उपयोग नाही. आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2021 मध्ये निर्बंध आणले, खातेदाराला दहा हजारांवर काढता येत नव्हते, आणि जुलै 2023 मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमा नसतो, आणि म्युच्युअल फंडालाही नसतो. म्हणून फॅक्टशीट उघडा आणि आत काय आहे ते वाचा: केंद्र सरकारचे रोखे, राज्यांची कर्जं, सरकारी कंपन्यांचे रोखे. या यादीबाहेरचं नाव दिसलं तर आधी चौकशी करा.

शेवटचं, कर. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या युनिटच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, कितीही वर्षं ठेवलं तरी. महागाईची जुनी सवलत गेली. एफडीपेक्षा एक फरक उरतो: एफडीच्या व्याजावर दरवर्षी कर मोजला जातो, इथे पैसे काढता किंवा फंड संपतो त्याच वर्षी. पण मग सगळा नफा एकाच वर्षात दिसतो, आणि त्या वर्षी दुकानाचं उत्पन्नही चांगलं असेल तर स्लॅब वर सरकू शकतो.

ताई, आज तुमच्या बँकेत त्याच मुदतीच्या एफडीचा दर काय आहे ते विचारा आणि फंडाच्या यील्डमधून खर्च वजा करून शेजारी लिहा. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर मी तुमच्या जागी एफडी घेईन, कारण तिथे विमा आहे आणि लाल रेघही दिसत नाही. फरक त्याहून जास्त असेल आणि जून 2031 पर्यंत हात लावायचा नाही हे नक्की असेल, तर फंडाचा विचार करा. दोन्ही आकडे कळले की व्हॉइस नोट पाठवा.