बाळ पितंय का?

आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. खोकल्याचं लेकरू आलं की झबलं वर करून, पोटाची हालचाल बघत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. रडताना मोजलेला आकडा फुकट जातो. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास झाले, तर न्यूमोनिया धरायचा. वर्षापासून पुढे पाच वर्षांपर्यंत 40.

एकदा दहा महिन्यांचं बाळ आलं. श्वास 46, छातीही आत ओढली जात नव्हती. आजी म्हणाल्या, "गुणी आहे हो, सकाळपासून निजलाय." तिथे आम्हाला शंका आली. आईला समोरच पाजायला सांगितलं. चोंदलेल्या नाकानेही बाळ ओढत नाही, म्हणून नाक साफ करून पुन्हा पाहिलं. त्याने तोंडच लावलं नाही. मग आकडा बरा असूनही रकाना गुलाबी, म्हणजे गंभीर न्यूमोनिया. प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊन लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

जुलाबात लोक उलटे फसतात. वाटीवर झडप घालून पिणाऱ्या, किरकिऱ्या बाळाला बघून घाबरतात. त्याच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, पण केंद्रात चार तास ओआरएस पाजून बहुतेकदा भागतं. ज्याचे डोळे खोल गेलेत आणि जे पाणी पीतच नाही, त्याला मात्र शिरेतून सलाईन लागतं. आणि घरचे म्हणत असतात, "आता कसं शांत झालंय."