वाळूच्या फिल्टरची धार

घरी वाळूचा फिल्टर बसवला की पहिली तक्रार येते, "धार फारच बारीक आहे हो!" पण ती बारीकच हवी.

वाळूचे दाणे ०.७ मिलिमीटरपेक्षा बारीक असले, की गाळ त्यांच्या फटींत अडकतो. रोज पाणी ओतत गेलं, की वाळूच्या वरच्या बोटभर भागात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा थर तयार होतो. तो थर पाण्यातले रोगजंतू खातो. त्याला हवा मिळावी आणि तो सुकू नये, म्हणून वाळूवर सुमारे ५ सेंटिमीटर पाणी कायम उभं असावं. थर तयार व्हायला महिनाभर लागतो.

आता धार मोजू. फिल्टर काठोकाठ भरा आणि नळीखाली लिटरची बाटली धरा. ती अडीच मिनिटांत भरली, तर धार ठीक. एकाच मिनिटात भरली, तर वाळू जाड आहे. पाणी नितळ दिसलं तरी जंतू निसटतात. दहा मिनिटं लागली, तर वर गाळ साचलाय. तेव्हा वाळू उपसून धुऊ नका, सगळा थर जाईल. फक्त वरचं पाणी हाताने हलकेच ढवळा, गढूळ पाणी वाटीने काढून टाका आणि पुन्हा भरून मोजा. त्यानंतर थर सावरायला काही दिवस लागतात.

गाळलेलं पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्या. आणि खारेपणा, फ्लोराइड या फिल्टरने जात नाही, हे विसरू नका.