अठ्ठीची जोडी किती भारी?

आजचा भाग तीन पत्तीवर आहे. दिवाळीत घरोघरी जो डाव बसतो, तोच. आमच्याकडे पैसे लावत नाहीत, चिंचोके लावतात. गेल्या दिवाळीत मी एका डावात ऐंशी चिंचोके घालवले. हातात होती अठ्ठीची जोडी आणि सोबत राजा. घरी येऊन वही काढली आणि हिशोब मांडला. तोच हिशोब आज तुम्हाला ऐकवतो.

आधी एक आकडा लक्षात ठेवा : 22,100. बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून तीन पत्ते इतक्या वेगवेगळ्या प्रकारे येऊ शकतात. पहिल्या पत्त्याला 52 पर्याय, दुसऱ्याला 51, तिसऱ्याला 50. हे गुणायचे आणि सहाने भागायचे, कारण तेच तीन पत्ते सहा वेगवेगळ्या क्रमांनी हातात येतात आणि क्रमाने आपल्याला काही फरक पडत नाही. कॅट नीट पिसला असेल, तर या 22,100 पैकी प्रत्येक हात येण्याची शक्यता सारखीच असते.

आता यात चांगले हात किती? ट्रेल 52. म्हणजे 425 हातांत सरासरी एक. प्युअर सिक्वेन्स 48. साधी सिक्वेन्स 720, कलर 1,096, आणि जोड्या 3,744. उरलेले 16,440 हात म्हणजे नुसते सुटे पत्ते, ज्यात मोठ्या पत्त्यावर खेळायचं. चारातले जवळपास तीन हात असे रिकामेच येतात. त्यामुळे "आज माझं नशीबच नाही" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा फक्त सरासरी पत्ते आलेले असतात.

जाता जाता एक गंमत. प्युअर सिक्वेन्स 48 आणि ट्रेल 52, म्हणजे प्युअर सिक्वेन्स जरा जास्त दुर्मिळ. तरी खेळात ट्रेलच वरचढ! आणि सिक्वेन्स कलरला हरवते ते बरोबरच आहे, कारण ती कमी वेळा येते. पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये मात्र हे उलटं होतं. तिथे पाचही पत्ते एकाच रंगाचे येणं जास्त अवघड, म्हणून तिथे कलर वर आणि सिक्वेन्स खाली. पोकर शिकून आलेला मित्र तीन पत्तीत भांडतो, तो यामुळे.

तर, माझी अठ्ठीची जोडी. तिला कोण हरवू शकतं? ट्रेल, दोन्ही सिक्वेन्स आणि कलर मिळून 1,916 हात. शिवाय नव्वीपासून एक्क्यापर्यंतच्या सहा प्रकारच्या जोड्या. एका प्रकारच्या जोडीचे 288 हात होतात, म्हणजे सहांचे 1,728. एकूण 3,644. हे 22,100 चे साधारण साडेसोळा टक्के. माझ्या हातातले तीन पत्ते कॅटमधून वजा करूनही मी मोजून पाहिलं, उत्तर सतरा टक्क्यांच्या जरा अलीकडे येतं. म्हणजे फारसा फरक नाही. आपण साडेसोळाच धरू.

म्हणजे समोर एकच माणूस असेल, तर शंभरातल्या 83 वेळा मी वर. झकास! पण आम्ही पाच जण होतो, म्हणजे समोर चार. चौघांपैकी एकाकडेही भारी हात नको. शंभर डाव धरा. पहिल्या माणसानंतर माझे साधारण 83 डाव शाबूत राहतात. त्यातले काही दुसरा खातो, उरतात 70. तिसऱ्यानंतर 58. चौथ्यानंतर 49. म्हणजे पत्ते वाटून झाले त्या क्षणी, टेबलवर सगळ्यात भारी हात माझाच असण्याची शक्यता नाणं उडवण्याइतकीच होती. जोडी बघून मी मात्र आतल्या आत उड्या मारत होतो.

पुढे तिघे पॅक झाले. उरलो मी आणि माझा मावसभाऊ. मी मनात म्हटलं, आता एकच उरला, परत 83 टक्के!

इथेच चुकलो. 83 हा आकडा कोणत्याही, न बघितलेल्या हातासाठी आहे. मावसभाऊ ब्लाइंड खेळत असता, तर तो आकडा बरोबर होता, कारण ब्लाइंड माणसाची चाल त्याच्या पत्त्यांबद्दल काहीच सांगत नाही. पण त्याने पत्ते बघितले होते आणि तरी तो चाल देत होता. तो कसा खेळतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. सुटे पत्ते आले की लगेच पॅक. एक्का-राजा असला तरी नाही खेळायचा.

म्हणजे ते 16,440 रिकामे हात त्याच्याकडे असूच शकत नव्हते. 22,100 मधून ते काढून टाका. उरतात 5,660. आणि मला हरवणारे 3,644 हात? ते सगळेच्या सगळे या उरलेल्यांत आहेत, एकही कमी झाला नाही. 5,660 पैकी 3,644 म्हणजे 64 टक्के. माझे पत्ते तेच, समोरचा माणूस तोच, फक्त त्याने पत्ते बघितले आणि पॅक केलं नाही, एवढ्यावर माझे 83 टक्के 36 वर आले. तो लहान जोड्याही टाकून देत असेल, तर त्याहून कमी.

मग मी काय करायला हवं होतं? पॅक? नाही. त्या वेळी मध्ये 60 चिंचोके होते आणि शो मागायला 16 लागत होते. 16 टाकून एकूण 76 मिळणार असतील, तर शंभरातले 21 डाव जिंकले तरी बरोबरी होते. माझी शक्यता 36 होती. म्हणजे हरण्याची शक्यता जास्त असूनही शो मागणं फायद्याचं होतं. हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण मधले 60 आधीच जमलेले आहेत, मला जोखीम फक्त 16 ची आहे.

मी शो मागितला नाही. वर चार वेळा चाल दिली, प्रत्येकी 16. चाल दिली की मधल्या ढिगात माझे 16 जातात आणि त्याचेही 16 येतात. 36 वेळा मला त्याचे 16 मिळतात, 64 वेळा माझे जातात. म्हणजे प्रत्येक फेरीत सरासरी साडेचार चिंचोक्यांचं नुकसान. तेही तो थांबला नाही यावरून त्याचा हात आणखी भारी असावा, हे न धरता. पाचव्या वेळी, आईने डोळे वटारल्यावर, शो मागितला.

त्याच्याकडे राण्यांची जोडी होती.

हे गणित माणसागणिक बदलतं, एवढं मात्र सांगतो. माझी मावशी हातात सत्ती-चौकी-दुर्री असली तरी हसत हसत चाल देते. तिच्यासमोर ते 16,440 हात काढून टाकायचे नाहीत, तिला ब्लाइंडच समजायचं. ती उरली असती आणि मी तसाच चाल देत राहिलो असतो, तर मी बरोबर खेळत होतो.